तीन कोटी कुठून येणार? : खेळत्या भांडवलाच्या अर्जाची प्रस्तावना

खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा अर्ज पुष्कळदा उलट्या बाजूने लिहिला जातो. कारखानदाराला साठ लाखांची सीसी हवी असते. बँक उलाढालीच्या वीस टक्के देते, एवढे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. साठ लाखांना पाचाने गुणले की तीन कोटी येतात, आणि तीच पुढच्या वर्षाची विक्री म्हणून कागदावर उतरते. सीए ती सीएमएच्या तक्त्यांत व्यवस्थित बसवून देतो, नफ्याचे गुणोत्तर जुळवतो, फाइल बँकेत जाते. कर्जविभागातला अधिकारी पहिले पान उलटायच्या आत हे ओळखतो, कारण पाचाने भागणे त्यालाही येते. मग तो एकच प्रश्न विचारतो: गेल्या वर्षी एक कोटी पासष्ट लाखांची विक्री होती, यंदा तीन कोटी कुठून येणार?

ही पुस्तिका त्या प्रश्नाच्या उत्तराविषयी आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला शीटमेटलवाला, डोंबिवली एमआयडीसीतला मशीनशॉपवाला किंवा रसायनवाला, कल्याणचा फॅब्रिकेटर अशा माणसांसाठी ती लिहिली आहे. या पट्ट्यात त्यांच्या दाराशी बँका भरपूर आहेत. राष्ट्रीयीकृत बँका आहेतच, शिवाय डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२), कल्याण जनता (१९७३) या सहकारी बँका याच मातीत उभ्या राहिल्या. माझी सगळी नोकरी कर्जविभागात गेली, त्यामुळे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे. प्रस्तावनेत सगळी पुस्तिका सांगायची नाही. वीस टक्के आले कुठून, ते कशाचे आणि त्या आकड्यामागे काय उभे करावे लागते, एवढेच एका उदाहरणाच्या आधाराने मांडतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय वीस टक्के हा हक्क वाटू लागतो. पूर्वी बँक माल पाहून कर्ज देत असे. गोदामात जितका माल, तितकी उचल. १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीने विचारले की इतका माल ठेवायची गरज आहे का, आणि उधारी इतकी का साचते. कच्चा माल किती दिवसांचा, तयार माल किती दिवसांचा, येणी किती दिवसांची, हे उद्योगागणिक पाहायचे आणि त्यातून बँकेचा वाटा काढायचा, ही पद्धत तेव्हा रुजली. मोठ्या कंपन्यांना ती जमली. चार कामगारांच्या गाळ्यातल्या मालकाला ते तक्ते भरणे जमेना, आणि बँकेचा अधिकारीही छोट्या रकमेसाठी तितके खणत बसेना. परिणामी लघुउद्योगाला गरजेपेक्षा कमी पैसे मिळत राहिले. १९९१ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि त्यातून आजचा सोपा नियम निघाला.

नियम असा. लहान कारखान्याचा पैसा साधारण तीन महिन्यांत एक फेरी मारतो असे गृहीत धरायचे. कच्चा माल घेतला, काम केले, माल पाठवला, पैसे आले, की एक फेरी पुरी. वर्षात अशा चार फेऱ्या होतात, म्हणजे वर्षाच्या विक्रीचा चौथा हिस्सा, पंचवीस टक्के, कायम फिरता लागतो. त्यातले पाच टक्के मालकाने स्वतःचे आणायचे आणि वीस टक्के बँकेने द्यायचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पाच कोटींपर्यंतच्या मर्यादेला हा किमान निकष लागू आहे. नोटाबंदीनंतर, ३१ डिसेंबर २०१६ च्या भाषणात, पंतप्रधानांनी वीसऐवजी पंचवीस टक्के आणि डिजिटल व्यवहारांवर तीस टक्के असे जाहीर केले होते. काही बँकांनी आपल्या धोरणात ते घेतले. तुमची बँक काय धरते हे शाखेत विचारून घ्यावे. मी पुढे वीसच धरतो.

या नियमात बँकेने मालाचे दिवस मोजण्याची कटकट सोडून दिली, पण त्या बदल्यात सगळा भार एका आकड्यावर टाकला. तो आकडा म्हणजे पुढच्या वर्षाची विक्री. टंडन पद्धतीत दहा आकडे तपासले जायचे, इथे एकच. साहजिकच तो एक आकडा दहापट कसून तपासला जातो, आणि हे अर्जदाराच्या गावीही नसते.

आता उदाहरण. डोंबिवली एमआयडीसीतले एक मशीनशॉप घेऊ. ते एकाच खात्याचे नाही, पाहिलेल्या अनेक खात्यांमधून मी ते जोडले आहे, त्यामुळे मालक कोण हे शोधू नये. दोन सीएनसी लेथ आहेत, स्टेनलेस स्टीलच्या व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि फ्लँज यांचे मशिनिंग चालते, माल रसायन कारखान्यांना आणि दोन व्हॉल्व्ह कंपन्यांना जातो. २०२३-२४ ची विक्री एक कोटी बेचाळीस लाख, २०२४-२५ ची एक कोटी पासष्ट लाख. चालू सीसी पंचवीस लाखांची. जूनपासून तिसरे यंत्र येणार आहे. मालक तीन कोटींचे प्रोजेक्शन घेऊन येतो आणि साठ लाख मागतो.

अधिकारी आधी मागची दोन वर्षे पाहतो. एक बेचाळीसवरून एक पासष्ट म्हणजे सोळा टक्क्यांची वाढ. एवढ्याच वेगाने यंदा एक कोटी नव्वदच्या आसपास जाता येते, आणि एवढ्याला बहुतेक ठिकाणी फारसे कुणी अडवत नाही. त्याच्या वरच्या प्रत्येक रुपयाला कारण लागते. कारण आहे, तिसरे यंत्र. मग तो यंत्राचा हिशेब करतो. दोन यंत्रांवर एक कोटी पासष्ट, म्हणजे यंत्रामागे साडेब्याऐंशी लाख. तिसरे यंत्र जूनपासून दहा महिने चालले तर त्यातून सुमारे एकोणसत्तर लाख. एकूण दोन कोटी चौतीस. तीन कोटी होतात कसे?

"साहेब, दुसरी शिफ्ट सुरू करणार आहे."

"माणसं आहेत?"

इथे बोलणे अडते. सीएनसी चालवणारा आणि सेटिंग जमणारा माणूस मिळणे किती कठीण आहे हे मालकाला अधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. अधिकाऱ्यालाही काही गोष्टी ठाऊक असतात. शुक्रवार हा या पट्ट्यात वीजबंदीचा वार, तो सोडून महिन्याचे सव्वीस दिवस धरायचे. वीजबिलातले युनिट मागच्या वर्षाशी ताडायचे. दुसरी शिफ्ट खरेच चालली तर बिल जवळजवळ दुप्पट व्हायला हवे. प्रोजेक्शनमध्ये विक्री ऐंशी टक्क्यांनी वाढली आणि विजेचा खर्च फक्त वीस टक्क्यांनी, असे दिसले की तक्ता घरी बसून भरला हे कळते. मजुरीचेही तसेच. मला तर विक्रीच्या आकड्यापेक्षा वीज आणि मजुरी या दोन ओळींनी अधिक सांगितले आहे.

अर्जासोबतची योजना इथे कामाला येते. तीन कोटींचा हट्ट सोडून मालक महिनावार तक्ता मांडतो. एप्रिल आणि मे चौदा-चौदा लाख, कारण सध्या सरासरी पावणेचौदा आहेच. जूनमध्ये यंत्र बसते, ट्रायल चालतात, म्हणून अठरा. जुलैत वीस, ऑगस्ट आणि सप्टेंबरात एकवीस-एकवीस. ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्या धरून वीस. मग नोव्हेंबरात एकवीस, डिसेंबरात बावीस आणि शेवटचे तीन महिने तेवीस-तेवीस. वर्षाचे होतात दोन कोटी चाळीस लाख. पहिल्या सहामाहीत एक कोटी आठ, दुसरीत एक कोटी बत्तीस. यंत्रांच्या हिशेबाने दोन चौतीस निघत होते. वरचे सहा लाख तातडीच्या ऑर्डरींसाठी एकाच यंत्रावर अधूनमधून चालणाऱ्या अर्ध्या शिफ्टचे, आणि त्यासाठी घेतलेल्या दोन माणसांची मजुरी खर्चाच्या बाजूला दाखवलेली. हा आकडा कोणी पाचाने गुणल्यामुळे आलेला नाही, आणि तो तसा दिसतो.

तक्त्याखाली ऑर्डरी लावायच्या असतात. व्हॉल्व्ह कंपनीची खुली ऑर्डर असेल तर तिची प्रत. महिन्याला चारशे बॉड्या, नग साडेचौदाशे रुपये, म्हणजे महिना पाच लाख ऐंशी हजार, असे नगावर आणि दरावर लिहिले की अधिकारी पेन्सिल खाली ठेवतो. सगळ्या विक्रीला लेखी ऑर्डर कधीच मिळत नाही आणि बँकेला तशी अपेक्षाही नसते. निम्म्याहून अधिक विक्री ऑर्डरीने आणि उरलेली जुन्या ग्राहकांच्या मागच्या वर्षाच्या खरेदीने सिद्ध झाली तरी पुष्कळ होते. ग्राहक म्हणतो "देऊ तुम्हाला काम", तेवढ्यावर मात्र पाच लाख लिहू नयेत. असल्या पत्रांना फाइलमध्ये वजन नसते, आणि ती जास्त जोडली तर बाकीच्या कागदांचेही वजन जाते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. विक्रीत जीएसटी धरायचा की वगळायचा, याबाबत बँकाबँकांत फरक आहे. कोणतेही चालेल, पण मागची वर्षे एका मापाने आणि पुढचे वर्ष दुसऱ्या मापाने नको. ताळेबंदातली विक्री जीएसटीविना असते आणि बँक खात्यात येणारा पैसा जीएसटीसकट. दोन कोटी चाळीस लाखांच्या विक्रीवर अठरा टक्के धरले तर खात्यात वर्षाकाठी सुमारे दोन कोटी त्र्याऐंशी लाख यायला हवेत. अधिकारी जीएसटीची विवरणपत्रे, ताळेबंद आणि खात्याचा उतारा शेजारी शेजारी ठेवतो. तिन्हींत एकच विक्री दिसली नाही तर चर्चा तिथेच संपते. विक्रीचा काही भाग दुसऱ्या बँकेच्या खात्यात फिरवण्याची सवय असेल, तर अर्जाच्या आधी ती मोडावी.

आता मर्यादा काढू. दोन कोटी चाळीसचे पंचवीस टक्के साठ लाख. त्यातले वीस टक्के, अठ्ठेचाळीस लाख, बँकेचे. पाच टक्के, बारा लाख, मालकाचे. हे बारा लाख कुठे आहेत, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या अनुभवात अर्ज इथे जास्त अडकतात, विक्रीवर कमी. मालकाला वाटते बारा लाख म्हणजे खिशातून काढून दाखवायची रक्कम. प्रत्यक्षात ते ताळेबंदात शोधायचे असतात. चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की जे उरते, ते मालकाचे फिरते भांडवल.

या मशीनशॉपच्या ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदात माल सोळा लाखांचा, येणी अडतीस लाखांची, अनामत, जीएसटीचे जमा क्रेडिट आणि रोकड मिळून चार लाख. एकूण अठ्ठावन्न. समोर पुरवठादारांचे देणे सतरा लाख, सध्याची सीसी पूर्ण वापरलेली म्हणजे पंचवीस लाख, पगार-कर वगैरे तीन लाख, आणि वर्षभरात फेडायचे जुन्या कर्जाचे हप्ते चार लाख. एकूण एकोणपन्नास. फरक नऊ लाख. बारा हवेत, नऊ आहेत. कमी पडलेले तीन लाख वर्षाच्या नफ्यातून धंद्यातच ठेवू, घरखर्चाची उचल इतकीच करू, असे मालक लिहून देतो आणि नफ्याच्या अंदाजात ते बसतात. बँक समाधानी होते.

तीन कोटींचा अर्ज रेटला असता तर काय झाले असते? तीन कोटींचे पाच टक्के पंधरा लाख. कमतरता तीनऐवजी सहा लाखांची झाली असती. विक्री फुगवली की बँकेचा वाटा वाढतो तसा मालकाचाही वाढतो, आणि ज्याच्या ताळेबंदात नऊच लाख आहेत त्याची कमतरता त्याच्याच आकड्याने उघडी पडते. फुगवलेला अर्ज अर्जदाराच्या विरुद्ध साक्ष देतो, तो असा.

तिसऱ्या यंत्राचा एक धोका इथेच दडलेला आहे. समजा यंत्र अठ्ठावीस लाखांचे. बँक एकवीस लाखांचे मुदतकर्ज देते, सात लाख मालकाने घालायचे. ते सात लाख त्याने सीसीतून काढून यंत्रवाल्याला दिले, तर काय होते? यंत्र आले, पण फिरता पैसा यंत्रात जाऊन बसला. ताळेबंदात चालू देणी सात लाखांनी वाढली, चालू मालमत्ता होती तितकीच राहिली, आणि नऊ लाखांचे फिरते भांडवल दोन लाखांवर आले. पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस लाखांची मर्यादा मागायला गेल्यावर बारा लाखांची मागणी आणि दोन लाखांचा जमाखर्च असा सामना होतो. पावसाळ्यात कच्च्या मालाला पैसे नाहीत अशी तक्रार घेऊन येणारे निम्मे मालक मी असे पाहिले, ज्यांनी त्याआधीच्या वर्षी यंत्र, गाळ्याची डागडुजी किंवा घरचे लग्न सीसीवर उरकले होते. योजनेत यंत्राचे सात लाख कुठून आले, हे एका ओळीत स्पष्ट लिहावे: मुदतठेव मोडून, घरच्यांकडून बिनव्याजी, जे असेल ते. बँक ते वाचते.

मर्यादा मंजूर झाली म्हणजे तितके पैसे हातात आले, असा गैरसमज सार्वत्रिक आहे. अठ्ठेचाळीस लाख ही वरची सीमा. प्रत्यक्षात किती काढता येतील ते ठरवते डीपी, म्हणजे उचलशक्ती, आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. नोव्हेंबरअखेरचे स्टेटमेंट पाहू. माल अठरा लाखांचा, पण त्यातला नऊ लाखांचा माल उधारीवर घेतलेला. ज्याचे पैसे अजून दिलेले नाहीत त्या मालावर बँक पैसे देत नाही, कारण तिथे आधीच पुरवठादाराने पैसे गुंतवलेले आहेत. उरला नऊ लाखांचा माल, त्यावर पंचवीस टक्के मार्जिन सोडून पावणेसात लाख. येणी पन्नास लाख, पण त्यातली आठ लाखांची बिले नव्वद दिवसांपलीकडची. ती बाद. बेचाळीस लाखांवर पंचवीस टक्के मार्जिन सोडून साडेएकतीस लाख. दोन्ही मिळून सव्वाअडतीस लाख. म्हणजे कागदावर अठ्ठेचाळीस, हातात सव्वाअडतीस. मार्जिन आणि दिवसांची अट मंजुरीपत्रात लिहिलेली असते. काही बँका येण्यांवर पंचवीसऐवजी चाळीस टक्के मार्जिन ठेवतात, तेव्हा हातातले आणखी कमी होते. मंजुरीपत्र मिळाल्या दिवशी मालक व्याजदराची ओळ वाचतो, ही ओळ वाचत नाही.

सव्वाअडतीस ऐकून मालक नाराज होतो, पण त्याचे खरे गणित तपासले तर तसे वाईट नाही. कच्चा माल वीस दिवस, काम चालू दहा दिवस, तयार माल पाच दिवस, येणी पासष्ट दिवस, म्हणजे शंभर दिवसांची फेरी. पुरवठादार तीस दिवसांची उधारी देतो. निव्वळ सत्तर दिवस. नियमाने गृहीत धरलेले नव्वद दिवस त्याला लागतच नाहीत. अठ्ठेचाळीस लाखांची मर्यादा असावी, म्हणजे एखाद्या महिन्यात मोठी ऑर्डर आली की माल आणि येणी वाढतात, डीपी आपोआप वाढते आणि जागा मिळते. दर महिन्याला शेवटच्या रुपयापर्यंत काढायची ती रक्कम नव्हे. जे खाते वर्षभर मर्यादेला चिकटून राहते आणि ज्यात जमा होणारा पैसा फक्त व्याज भागवण्यापुरता असतो, त्या खात्याविषयी अधिकारी चिंतेत असतो, मालकाने व्याज कधी चुकवले नाही तरी.

त्या आठ लाखांच्या जुन्या बिलांकडे पुन्हा पाहू, कारण त्यांनी सहा लाखांची उचल गिळली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोंदणीकृत लहान उत्पादकाला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे बंधन ग्राहकावर आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याच्या ४३ बी मध्ये भर पडली. या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत तो खर्च ग्राहकाला वजावटीत धरता येत नाही. यामुळे मार्चमध्ये जुनी बिले सुटतात, हे अनेक लहान उत्पादकांनी अनुभवले आहे. उद्यम नोंदणी नसेल तर यातले काहीच लागू पडत नाही, म्हणून अर्जाच्या आधी ती करून बिलावर क्रमांक छापावा. मोठ्या ग्राहकांची बिले ट्रेड्सवर विकून पैसे आधी मिळवण्याचीही सोय आहे. तिच्यावर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थांबत नाही.

तारण नसलेल्यांना वाटते की सीजीटीएमएसईची हमी मिळाली की बाकी तपासणी होत नाही. ही हमी २००० सालापासून आहे आणि एप्रिल २०२५ पासून तिची कमाल मर्यादा दहा कोटींपर्यंत गेली आहे. पण ती तारणाची जागा घेते, विक्रीच्या पुराव्याची नाही. प्रोजेक्शन तेच, प्रश्नही तेच.

उलाढालीचा नियम कुठे लागू पडत नाही, हे सांगितल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. ठाण्यातला एखादा फॅब्रिकेटर महापालिकेला आणि रेल्वेला रेलिंग, जाळ्या, शेड पुरवतो. विक्री दोन कोटी. बिल मंजूर होऊन पैसे यायला पाच महिने. मालाचे वीस दिवस मिळवले आणि पुरवठादाराच्या उधारीचे तीस दिवस वजा केले तरी एकशे चाळीस दिवस उरतात, म्हणजे विक्रीच्या अडतीस टक्के, सुमारे सत्याहत्तर लाख. नियम म्हणतो पंचवीस टक्के, पन्नास लाख. सत्तावीस लाखांची तफावत राहते. अशाने वीस टक्क्यांवर समाधान मानू नये आणि विक्रीही फुगवू नये. त्याने आपल्या फेरीचे दिवस मांडावेत, मागच्या बिलांच्या तारखांनी ते सिद्ध करावेत, आणि टंडनच्या जुन्या पद्धतीने किंवा महिनावार रोकड-अंदाजावर मर्यादा मागावी. ही मुभा बँकांना आहे. किमान म्हणून ठरवलेली रक्कम कमाल समजून बसणारे अधिकारी आहेत, पण त्यांच्यासमोर तारखांचा तक्ता ठेवला की त्यांनाही वरच्या कार्यालयात पाठवायला कागद मिळतो.

रसायनवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन स्फोटांनंतर तिथल्या रासायनिक कारखान्याची फाइल पाहताना कोणताही बँकवाला आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बघतो. संमतीत कोणते उत्पादन, महिन्याला किती टन, हे लिहिलेले असते. प्रोजेक्शनमधली विक्री उत्पादनाच्या दराने भागली आणि टन संमतीपेक्षा जास्त निघाले, तर तो अंदाज ऑर्डरींनी भरगच्च असला तरी टिकत नाही. संमतीची मुदत वर्षाच्या मध्यात संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केल्याची पोच जोडावी. कारखाना हलवण्याचा प्रश्न अंगावर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो न लपवता योजनेत लिहावा. एक वर्ष तिथेच चालवू, पुढच्या वर्षीचा आकडा तेव्हा मांडू, हे उत्तर बँकेला चालते.

राहिला नूतनीकरणाचा प्रश्न. सीसी दर वर्षी तपासली जाते आणि त्या वेळी अधिकारी मागच्या अर्जातले प्रोजेक्शन आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी ठेवतो. आपल्या मशीनशॉपने पहिल्या सहामाहीत एक कोटी आठ लाख दाखवले होते. समजा प्रत्यक्षात सत्त्याण्णव लाख झाले, कारण यंत्र जूनऐवजी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आले. मालकाने ऑक्टोबरातच एक पानाचे पत्र दिले. यंत्रवाल्याची नवी तारीख असलेले पत्र जोडले, जून आणि जुलै दोन महिने कमी पडले हे आकड्याने सांगितले, ऑगस्ट-सप्टेंबर ठरल्याप्रमाणे एकवीस-एकवीस आले हे जीएसटीच्या विवरणपत्रांनी दाखवले, आणि दुसऱ्या सहामाहीचे एक कोटी बत्तीस तसेच ठेवले. वर्षाची विक्री दोन कोटी एकोणतीसवर येणार, म्हणजे वीस टक्क्यांनी पंचेचाळीस लाख ऐंशी हजार. दोन लाख वीस हजारांचा फरक. अधिकाऱ्याने टिपण लिहून मर्यादा अठ्ठेचाळीसवर कायम ठेवली, आणि मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटनंतर पुन्हा पाहू असा शेरा मारला.